फायर टँकचं पाणी मोजताना तळाचं वजा करा

सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत एका चादरी-टॉवेलच्या गोडाऊनची डिझाईन नोट बघत होतो, टाकी दीड लाख लिटर आणि पंप २२८० लिटर प्रति मिनिट, एक तास धरला तर १,३६,८०० लिटर लागतात म्हणजे कागदावर सगळं ओके. पण टाकीतलं सगळं पाणी पंपाला मिळतच नाही ना!

असं करा:

१. आधी मागणी काढा, पंपाचा फ्लो गुणिले मिनिटं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे आग चालू असताना टाकी भरत राहील हे धरूच नका, इनफ्लो शून्य.

२. पंप ज्यातून पाणी ओढतो त्या सक्शन पाइपच्या तोंडावर किती पाणी राहिलं की भोवरा होऊन पंप हवा ओढतो ते बघा. इथं तळापासून ४५ सेंटीमीटर निघालं, टाकी आतून १० बाय ६ मीटर, म्हणजे २७,००० लिटर गेले. उरले १,२३,०००, पंप ५४ मिनिटंच चालणार.

३. मग पाण्याची खोली अडीचची २.७३ मीटर करा, पाण्याच्या वरची मोकळी जागा म्हणजे फ्रीबोर्ड वेगळा. किंवा सक्शनखाली खड्डा घ्या, ते स्वस्त पडतं.

४. बाथरूम-कँटीनची लाईन याच टाकीतून असेल तर तिचं तोंड आगीसाठी राखलेल्या पाण्याच्या पातळीच्या वर काढा, नुसत्या व्हॉल्व्हवर भरवसा नको.

आणि कमी पडतंय म्हणून मोठा पंप बसवू नका, २८५० चा लावला तर तेच पाणी ४३ मिनिटांत संपेल. एक तास मी हिशोबापुरता धरलाय, तुमच्या गोडाऊनला किती लागतो ते फायर ऑफिसरकडून लेखी घ्या.