परदेशातल्या मंडळाच्या कोजागिरीचं कॅप्शन गावात बसून कसं लिहावं

आमची मावसबहीण इंग्लंडात राहते, तिथल्या मराठी मंडळाच्या कमिटीत आहे, आणि तीन वर्षांपासून मंडळाच्या पोस्टचं मराठी मी इथं यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून लिहून देतो. कारण एवढंच की तिथं सगळ्यांना मराठी बोलता येतं पण टाइप करायला कोणी बसत नाही. पहिल्या वर्षी मी जे कॅप्शन दिलं ते वाचायला लय गोड होतं, "चंद्राच्या साक्षीनं आपल्या मातीचा सुगंध" वगैरे, आणि पोस्ट पडल्यावर दोन दिवस ताईचा फोन वाजत राहिला, जेवण आहे का, पोरांचं तिकीट किती, किती वाजता संपते. म्हणजे सुगंध सगळ्यांपर्यंत पोचला, माहिती कोणापर्यंतच नाही. तेव्हापासून जी पद्धत बसली ती सांगतो, आणि उदाहरणाला कोजागिरीचाच कार्यक्रम घेतो, शनिवार २४ ऑक्टोबर २०२६ चा. तिथी रविवारी आहे, पण तिकडं हॉल आणि सुट्टी पाहून शनिवारच धरतात. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

पहिलं काम लिहायचं नाही, विचारायचं. कमिटीला फोन करून या गोष्टी पक्क्या करून घ्या: दार किती वाजता उघडते, कार्यक्रम किती वाजता सुरू, जेवण किती वाजता, हॉल कधी रिकामा करून द्यायचा, तिकिटात जेवण धरलं आहे की वेगळं, आणि पोरांचं वय कुठून कुठपर्यंत. हे शेवटचं सगळ्यात घोळाचं. "लहान मुलांना मोफत" असं लिहिलं की चौदा वर्षांचा पोरगाही लहानच असतो, आईबापासाठी तर असतोच नं. आणि मोफत म्हणजे तिकीट काढायचंच नाही असं लोक समजतात, पण हॉलमध्ये माणसं किती बसवायची याची मर्यादा असते आणि त्यात कडेवरचं लेकरूही मोजल्या जाते. म्हणून "५ वर्षांखाली मोफत, पण तिकीट बुक करा" असं पूर्ण लिहायचं.

आता पहिली ओळ. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची साधारण सव्वाशे अक्षरं दिसतात, बाकीचं बोट लावल्यावर उघडते, आणि बोट लावणारे कमीच. त्यात मराठीत काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर हे सगळं वेगळं मोजल्या जाते, म्हणजे "संध्याकाळ" हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो पण मोजणीत नऊ भरतो. तर नमस्कार, चमस्कार, "सर्व मराठी बांधवांना कळविण्यास आनंद होतो की" हे सगळं पहिल्या ओळीतून काढून टाका. पहिल्या ओळीत काय, कधी आणि तिकीट कितीपासून, बस. महिना अक्षरानं लिहायचा, कारण 10/11 असं लिहिलं तर अमेरिकेतला माणूस ऑक्टोबर वाचते आणि आपला नोव्हेंबर.

आकडे मात्र इंग्रजीच ठेवा. मीही मराठी आकड्यांचाच माणूस, पण तिथं जन्मलेल्या पोरांना ४ हा 8 सारखा दिसतो आणि १ हा 9 सारखा, म्हणजे तुम्ही १४ पौंड लिहिलं की वाचणारा 98 समजून घाबरून जाईल. एका वर्षी खरंच एका पोरीनं विचारलं होतं का हो इतकं महाग. आणि तिच्यासारख्यांसाठी कॅप्शनच्या शेवटी तारीख, जागा, तिकीट एवढ्या तीन ओळी इंग्रजीत देऊन टाका. घरचं बुकिंग बऱ्याचदा हेच पोरं करून देतात.

तिकिटाचं लिहिताना मी एक युक्ती करतो, दर लिहून झाले की एका घराचा हिशोब करून पाहतो. समजा मोठ्यांना 18 पौंड, 4 ऑक्टोबरपर्यंत काढलं तर 14, आणि 5 ते 12 वर्षांच्या पोरांना 8. नवराबायको, सात वर्षांची पोरगी, तीन वर्षांचा पोरगा. लवकर काढलं तर चौदा दुणे अठ्ठावीस आणि आठ, छत्तीस पौंड. नंतर काढलं तर चव्वेचाळीस. हा हिशोब करताना जिथं तुम्ही अडकाल, की पोरांचा दर नंतर वाढतो का, तेरा वर्षांच्याला कोणता दर, तिथं वाचणाराही अडकणार. अडकलात तर परत कमिटीला फोन लावा, स्वतःच्या मनानं नका लिहू. तिकीट परत होते का नाही हेही एका ओळीत सांगून टाकायचं, ते सांगायला लाज वाटते पण न सांगितलं तर भांडण तिकीट टेबलावर होते.

सवलतीची मुदत लिहिताना "4 तारखेला रात्री 12 पर्यंत" असं नका लिहू, कारण ती रात्र चार तारीख लागतानाची का संपतानाची यावर दोन घरांत दोन मतं होतात. "रविवार 4 ऑक्टोबर रात्री 11:59 पर्यंत" असं लिहा, वेळ तिथली धरून. एक अजून, कार्यक्रमाच्या त्याच रात्री, म्हणजे २५ तारखेच्या पहाटे, इंग्लंडातली घड्याळं एक तास मागं होतात. कार्यक्रमाला त्याचा फरक पडत नाही, पण तुम्ही इथून दुसऱ्या दिवशी आभाराची पोस्ट टाकणार असाल तर कालपर्यंत साडेचार तासांचा फरक होता तो आता साडेपाच तासांचा झाला हे ध्यानात ठेवा.

कार्यक्रमात काय काय आहे हे सांगताना लोक सगळं भरतात आणि शेवटी "आणि बरंच काही" लावतात. तीनच गोष्टी घ्या, आणि प्रत्येकीत माणूस काय करणार ते सांगा. "भुलाबाईची गाणी" नुसतं लिहिलं तर आपल्या विदर्भाची बाई लगेच खूश होईल, कारण आपल्याकडं भुलाबाई कोजागिरीलाच उठते, पण पुण्याकडची बाई भोंडला शोधत राहील. म्हणून लिहायचं "भुलाबाईची गाणी (भोंडल्याची बहीणच समजा), फेर धरा, शेवटी डब्यातला खाऊ ओळखा". खंजेरीवरचं भजन असेल तर खंजेरी हा शब्द ठेवाच, "भक्तिसंगीत" म्हटलं की त्यातला सगळा ठेका निघून जाते.

खाण्यात तर आम्ही एकदा चांगलेच फसलो. मी लिहिलं "गरमागरम सांबारवडी". आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, त्यात काय सांगायचं. पण तिथं मुंबईचे, कोल्हापूरचे, सगळे, आणि त्यांनी धरलं की इडलीसोबतचं सांबार आणि वडा आहे. प्लेट हातात आल्यावर एक काका म्हणे, सांबार कुठाय? तर आता "सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची पुडाची वडी" असं लिहितो. त्याच्याच खाली शेंगदाणा, तीळ, दूध, सुकामेवा यातलं काय आहे ते लिहून द्या, मसाला दुधात बदाम-पिस्ते असतातच, आणि तिकडं ॲलर्जीची पोरं बरीच असतात, त्यांच्या आया हे आधी विचारतात.

मदतीला माणसं बोलवायची ओळ बहुतेक कॅप्शनमध्ये "स्वयंसेवक हवेत, संपर्क साधा" एवढीच असते आणि त्यावर कोणीच संपर्क साधत नाही. माणसाला भीती असते की हो म्हटलं तर दिवसभर अडकू. त्याला काम, वेळ आणि किती जण लागतात हे सांगितलं की तो आपला दीड तास मोजून देते. खुर्च्या लावायला आणि दूध वाढायला माणसं मिळतात, रात्री आवरायला मिळत नाहीत, कारण पोरं झोपेला आलेली असतात. आणि हॉलची वेळ उलटली तर वरचे पैसे लागू शकतात. म्हणून आवराआवरीवाल्यांना काहीतरी द्यायचं कमिटीकडून कबूल करून घ्या आणि ते कॅप्शनमध्येच लिहा. कोणाचा खासगी मोबाइल नंबर उघड्या पोस्टवर नका टाकू, मंडळाचा ईमेल किंवा फॉर्म पुरतो.

हे सगळं जोडलं की असं होते, शेवटच्या इंग्रजी ओळी तेवढ्या इथं सोडल्या आहेत:

*कोजागिरीची संध्याकाळ, शनिवार 24 ऑक्टोबर, दुपारी 4 ते रात्री 9. तिकीट 14 पौंडांपासून, जेवणासकट.*

*दार 3:30 ला उघडेल. जागा: हॉलचं नाव आणि पोस्टकोड. गाडी लावायला जागा आहे.*

*4 वाजता भुलाबाईची गाणी (भोंडल्याची बहीणच समजा), फेर धरा, खाऊ ओळखा. 5:30 ला खंजेरी भजन, टाळ घरी असतील तर घेऊन या. 7 ला जेवण: झुणका-भाकर, वांग्याची भाजी, सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची पुडाची वडी, आणि 8:15 ला मसाला दूध. चंद्र ढगात असला तरी दूध मिळेल. जेवणात शेंगदाणा, तीळ, दूध, सुकामेवा आहे.*

*तिकीट: मोठे (13 वर्षांपासून) 18 पौंड, रविवार 4 ऑक्टोबर रात्री 11:59 पर्यंत 14. पोरं 5 ते 12 वर्षं 8 पौंड, हा दर बदलणार नाही. 5 वर्षांखाली मोफत, पण तिकीट बुक करा. तिकिटाचे पैसे परत नाहीत, नावात बदल चालेल. लिंक बायोमध्ये.*

*हात लागतील: 2 ते 3:30 खुर्च्या-टेबलं, 4 जण. 3:15 ते 5 तिकीट टेबल, 2 जण. 6:45 ते 8:30 वाढायला, 4 जण. 9 ते 10 आवराआवर, 6 जण, यांचं तिकीट मंडळाकडून. नाव आणि वेळ मंडळाच्या ईमेलवर कळवा.*

"लिंक बायोमध्ये" यासाठी की इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती दाबल्या जात नाही. फेसबुक आणि व्हॉट्सॲपसाठी तीच ओळ काढून खरी लिंक टाका. व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवल्यावर पंधरा मिनिटांतच सुधारता येते, नंतर तो ग्रुपाग्रुपात फिरत राहते आणि २० ऑक्टोबरला कोणाला तरी १४ पौंडाचा निरोप मिळते. त्यामुळं तिथं "ऑफर सुरू" असं कधीच नाही, दोन्ही दर तारखेसकट. पोस्टरच्या चित्रावर तर दर टाकूच नका, चित्र कोण परत करत बसणार.

पाठवण्याआधी मी कॅप्शन आईला मोठ्यानं वाचून दाखवतो. तिला इंग्लंड माहीत नाही की इन्स्टाग्राम, पण ती म्हणते, "साडेसहाला पोरायले भूक लागल, मंग?" आणि तेव्हा कळते की ५:३० ते ७ मध्ये पोरांसाठी काहीच नाही.

सवलत संपली की इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरचं कॅप्शन बदलायचं असते. तिथं रविवारी रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडं सोमवारी पहाटे ४:२९. मी साडेचारचा गजर लावतो, नेटवर्क अंगणातल्या कडुलिंबाखालीच येते म्हणून तिथं उभा राहून "14 पौंडांपासून" काढून "मोठे 18 पौंड" करतो, लिंकवर दर बदलला का ते पाहतो, आणि ताईला एक निरोप टाकून परत झोपतो.