ऊसरोपांच्या उगवणीवर झेड-चाचणी लावण्यापूर्वीची तयारी

चिकोडी, निपाणी आणि हुक्केरी भागातल्या रोपवाटिकांत एक डोळ्याची ऊसरोपे तयार होतात, तेव्हा दर हंगामात एक प्रश्न हमखास विचारला जातो: बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवलेले डोळे न बुडवलेल्यांपेक्षा खरोखर जास्त उगवतात, की दिसणारा फरक योगायोगाचा आहे? प्रत्येक डोळ्याचा निकाल 'उगवला' किंवा 'नाही' एवढाच असतो आणि गट दोनच असतात, म्हणून या प्रश्नाला दोन प्रमाणांची झेड-चाचणी नेमकी लागू पडते. तिचे गणित दहा मिनिटांचे आहे, तयारीला मात्र वेळ लागतो. पुढे जी तयारी सांगितली आहे ती रोपवाटिकेत प्रयोग करणाऱ्या कृषी विद्यार्थ्याला आणि रोपवाटिकाचालकालाही उपयोगी पडावी. उदाहरणातले आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

सर्वांत आधी 'उगवला' म्हणजे काय, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, 'ट्रेमध्ये लावल्यापासून 21व्या दिवशी ज्याचा हिरवा कोंब कोकोपीटच्या वर स्पष्ट दिसतो तो डोळा उगवला.' नियम कोणताही असो, तो दोन्ही गटांना सारखाच हवा आणि मोजणीपूर्वी ठरलेला हवा. भागाकारात खाली येणारी संख्या म्हणजे लावलेले सगळे डोळे. कुजलेला डोळा 'तो धरायचा नाही' म्हणून वगळला, तर द्रावणाचा जो परिणाम मोजायचा तोच हिशेबाबाहेर जातो. चाचणी कोणत्या दिवशी करायची हेही आधीच ठरवावे. चौदाव्या, अठराव्या आणि एकविसाव्या दिवशी चाचणी लावून ज्या दिवशी फरक 'लक्षणीय' आला तो दिवस निवडला, तर पाच टक्के चुकीची जी मर्यादा आपण मान्य केलेली असते ती प्रत्यक्षात त्याहून बरीच वाढते.

दुसरी तयारी डोळ्यांच्या वाटणीची. उसाच्या शेंड्याकडचे कोवळे डोळे बुडख्याकडच्या जुन्या डोळ्यांपेक्षा लवकर आणि जास्त उगवतात, हे लावण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बेणे तोडताना ढीग आपोआप शेंड्याचा वेगळा आणि बुडख्याचा वेगळा होतो. कामगाराने हाताशी आलेला पहिला ढीग द्रावणात बुडवला, तर पुढे दिसणारा फरक द्रावणाचा की डोळ्याच्या जागेचा, हे कोणतीही चाचणी सांगू शकणार नाही. म्हणून सगळे डोळे एकत्र मिसळून घ्यावेत आणि कोणता डोळा कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठीने ठरवावे. सावलीच्या शेडमध्ये ट्रेही गटवार रांगेत न ठेवता मिसळून ठेवावेत, कारण कडेच्या रांगेला ऊन आणि पाणी वेगळे मिळते.

नोंदवहीकडे या भागात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण एकाच रोपवाटिकेत काही जण मराठीत तर काही जण कन्नडमध्ये नोंद करतात. स्तंभांची शीर्षके दोन्ही भाषांत लिहावीत, पण आकडे मात्र सर्वांनी इंग्रजी पद्धतीचेच लिहावेत. कन्नड लिपीतला एकाचा आकडा गोलसर असतो आणि घाईत लिहिलेला असला की देवनागरीची सवय असलेल्या डोळ्यांना तो शून्य वाटतो. एकवीसचे वीस व्हायला तेवढे पुरते. नोंद प्रत्येक ट्रेची स्वतंत्र असावी. नुसती गटाची बेरीज लिहून ठेवली, तर पुढचा एक महत्त्वाचा तपास करताच येत नाही.

किती डोळे लावायचे हेही आधी काढावे. उगवण 70 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेली तर ती वाढ दहापैकी आठ वेळा चाचणीने पकडावी, आणि चुकीची मर्यादा पाच टक्के असावी, अशी अपेक्षा धरली तर दर गटात सुमारे 290 ते 300 डोळे लागतात. पाच टक्क्यांचा फरक शोधायचा असेल तर ही संख्या साधारण चौपट होते. एकूण डोळे ठरलेले असतील तर दोन्ही गट सारखे ठेवणे सर्वांत फायद्याचे. तरीही 'न बुडवलेली रोपे वाया जातील' या भीतीने तो गट अनेकदा लहान ठेवला जातो, आणि आपले उदाहरणही तसेच आहे.

समजा, द्रावणात बुडवलेले 240 डोळे लावले आणि त्यांतले 192 उगवले, म्हणजे प्रमाण 0.80. न बुडवलेले 160 लावले आणि 112 उगवले, म्हणजे 0.70. फरक 0.10 आहे. हा फरक मोठा की छोटा हे ठरवायला, नुसत्या योगायोगाने असे प्रमाण किती हलू शकते याचे माप लागते. त्या मापाला प्रमाण त्रुटी म्हणतात, आणि एकत्रित अंदाजाची गरज इथेच पडते.

चाचणी ज्या गृहीतकाला तपासते ते असे: दोन्ही गटांची खरी उगवण एकच आहे. ती किती, हे गृहीतक सांगत नाही. फक्त ती एक आहे, एवढेच सांगते. 'उगवला किंवा नाही' अशा निकालाची चढउतार मात्र त्या उगवणीच्या आकड्यावरच अवलंबून असते: उगवण p असेल तर विचरण p(1−p) येते. म्हणून उगवण एकच मानली की चढउतारही दोन्ही गटांची एकच मानावी लागते, आणि तिच्यासाठी p चा एकच अंदाज हवा. गृहीतक खरे असेल तर सगळे 400 डोळे एकाच जातीचे पुरावे ठरतात. मग त्यांना वेगळे ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि सर्वांत चांगला अंदाज म्हणजे एकूण उगवलेले भागिले एकूण लावलेले:

```
p = (192 + 112) / (240 + 160) = 304/400 = 0.76
SE = sqrt(0.76 × 0.24 × (1/240 + 1/160)) = 0.0436
z = (0.80 − 0.70) / 0.0436 = 2.29
```

इथे एक चूक फार सहज होते. 0.80 आणि 0.70 यांची सरासरी काढून 0.75 हा एकत्रित अंदाज म्हणून लिहिला जातो. ही सरासरी 160 डोळ्यांच्या पुराव्याला 240 डोळ्यांच्या पुराव्याइतकेच वजन देते. गट समान असतील तरच दोन्ही उत्तरे जुळतात. म्हणून टक्केवारी कधी मिळवू नये. मूळ संख्या मिळवाव्यात.

दोन्ही बाजूंचा विचार करता 2.29 या मूल्याशी येणारे पी-मूल्य सुमारे 0.022 आहे. म्हणजे उगवण खरोखर एकच असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरातून साधारण दोनदा दिसला असता. द्रावण उपयोगी असण्याची शक्यता 98 टक्के आहे, असा याचा अर्थ नाही. चाचणीने तो प्रश्न विचारलेलाच नाही. सामान्य वितरणाचा आधार घेण्याआधी 240 व 160 या दोन्ही संख्यांना 0.76 आणि 0.24 ने गुणून पाहावे. सर्वांत लहान गुणाकार 38 च्या वर येतो, किमान 10 हवा असतो, म्हणून इथे अडचण नाही. तो 10 च्या खाली गेला तर फिशरची अचूक चाचणी वापरावी.

फरक किती, हे सांगायचे असेल तर एकत्रित अंदाज बाजूला ठेवावा. उगवण एकच आहे असे त्या वेळी आपण मानत नसतो, म्हणून प्रत्येक गटाचे विचरण त्याच्या स्वतःच्या प्रमाणाने काढावे लागते. तसे केल्यास प्रमाण त्रुटी 0.0445 येते आणि 95 टक्के विश्वास अंतराल सुमारे 1.3 ते 18.7 टक्के गुणांचा होतो. रोपवाटिकाचालकाच्या दृष्टीने पी-मूल्यापेक्षा हे अंतराल अधिक बोलके आहे, कारण द्रावणाचा आणि मजुरीचा खर्च दीड टक्का वाढीत भरून निघणार नाही, पंधरा टक्क्यांत मात्र सहज निघेल. R मध्ये ताळा करताना एक काळजी घ्यावी:

```
prop.test(c(192,112), c(240,160), correct=FALSE)
```

यातले X-squared म्हणजे आपल्या z चा वर्ग, 5.26. `correct=FALSE` लिहिले नाही तर आज्ञा सातत्य सुधारणा आपोआप लावते आणि पी-मूल्य 0.03 च्या जवळ जाते. त्यामुळे हातचा हिशेब चुकला असा गैरसमज होतो.

आता ट्रेवार नोंदीकडे वळावे, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथे आहे. ही चाचणी प्रत्येक डोळा स्वतंत्र मानते. समजा दर ट्रेमध्ये 40 डोळे होते आणि बुडवलेल्या गटाच्या सहा ट्रेंमध्ये अनुक्रमे 33, 30, 34, 31, 35 आणि 29 उगवले. बेरीज 192 आहे आणि हे आकडे 32 च्या आसपास तेवढेच पसरले आहेत, जेवढे स्वतंत्र डोळ्यांकडून अपेक्षित असते. म्हणजे प्रमाण विचलन अडीचच्या जवळ. पण आकडे 39, 38, 37, 36, 21 आणि 21 असे असते तरी बेरीज 192 च झाली असती, आणि झेड-चाचणीने तेच 2.29 दिले असते. दोन ट्रेंत पाणी साचले असेल, किंवा कोकोपीट नीट धुतलेले नसेल. तिथले डोळे एकत्रच गेले आहेत आणि त्यांना चाळीस वेगळे पुरावे म्हणता येणार नाही.

याची किंमत किती, हे अंदाजाने काढता येते. एकाच ट्रेतल्या डोळ्यांच्या निकालांतला सहसंबंध अवघा 0.05 असला, तरी विचरण 1 + 39 × 0.05, म्हणजे 2.95 पट फुगते. मग 400 डोळे सुमारे 136 स्वतंत्र डोळ्यांच्या मोलाचे राहतात, z घसरून 1.34 होतो आणि पी-मूल्य 0.18 वर जाते. ट्रेवार आकडे असे विस्कटलेले दिसले तर डोळ्यांची झेड-चाचणी सोडावी, प्रत्येक ट्रेचे प्रमाण हाच एक पुरावा धरावा आणि सहा विरुद्ध चार प्रमाणांची टी-चाचणी करावी. पुरावे दहाच उरतात हे मान्य करून. पुढच्या हंगामासाठी याहून बरी मांडणी म्हणजे प्रत्येक ट्रेचे अर्धे कप्पे बुडवलेल्या डोळ्यांना आणि अर्धे न बुडवलेल्यांना द्यावेत, म्हणजे पाणी, ऊन आणि कोकोपीट दोन्ही गटांना एकाच ट्रेत सारखे मिळते, आणि तुलना ट्रेच्या आतल्या फरकांवरून जोडीच्या टी-चाचणीने करता येते. तसे करताना बुडवलेले कप्पे कोणते, याचा नकाशा लावणीच्याच दिवशी काढून ट्रेच्या क्रमांकासह वहीत चिकटवावा, कारण कोंब वर आल्यावर दोन्हींत ओळखीची खूण उरत नाही.