पॉवर स्टीअरिंगमध्ये गिअरबॉक्सचं ऑईल टाकावं का?

दुकानात 'गिअरबॉक्सचं ऑईल द्या' म्हटलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू पुढ्यात येऊ शकतात. एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ, पातळ आणि बहुधा लाल. दुसरं साध्या गिअरबॉक्सचं गिअर ऑईल, दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. पहिलं बऱ्याच पॉवर स्टीअरिंगना चालतं, दुसरं कुठल्याच नाही.

गेल्या पावसात साखळीच्या एका काकांची जुनी सात सीटर गॅरेजवर आली. चोर्ला घाटात वळणावळणाला स्टीअरिंग जड होत होतं, बॉनेटखालून गुरगुर येत होती. पॉवर स्टीअरिंगच्या ऑईलची टाकी तर काठोकाठ भरलेली. बोट बुडवलं तर ऑईल जाड धारेने ओघळलं. वास घेतला आणि कळलं. आदल्या दिवशी कोणीतरी गिअर ऑईल ओतलं होतं. ते एटीएफच्या कितीतरी पट दाट. पंपाला ते नीट ओढता येत नाही आणि आतल्या पात्या घासल्या जातात. आम्ही परतीची नळी सोडून सगळं काढलं, ताजं एटीएफ घालून दोनदा धुतलं. पंप वाचला.

म्हणून आधी टाकीचं झाकण वाचा. एटीएफ किंवा डेक्सरॉन लिहिलं असेल तर तेच आणा. क्वालिस आणि पहिल्या इनोव्हाला ते चालतं. होंडाला तिचं स्वतःचं फ्लुइड लागतं आणि काही युरोपियन गाड्यांना हिरवं. हिरव्यात लाल मिसळू नका, सील खराब होतात. ब्रेक ऑईल तर कधीच नको.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, झाकण उघडण्याआधी भोवतीची माती पुसा. इंजिन गार असेल तर 'कोल्ड'ची खूण पाहा, तापलेलं असेल तर 'हॉट'ची. थोडं थोडं ओता, खुणेपाशी थांबा. मग इंजिन सुरू करून स्टीअरिंग दोन्ही टोकांना चार-पाच वेळा फिरवा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. फेस आला तर आत हवा आहे. इंजिन बंद करून फेस बसू द्या आणि पातळी पुन्हा बघा.

हे ऑईल जळून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती आहेच. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहा. काकांच्या गाडीत दाबाच्या नळीचा जोड झिरपत होता. तो न बदलता नुसतं ऑईल ओतत राहिलो असतो तर महिन्याभरात ते पुन्हा येणारच होते.

आता टाकीच सापडत नसेल तर? स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेनसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टीअरिंग असतं. मदत मोटर करते, त्यात ऑईल नसतंच. ते जड झालं, डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागला तर आधी बॅटरी आणि फ्यूज तपासून घ्या. टाकी शोधत ब्रेकच्या किंवा कूलंटच्या डब्यात एटीएफ ओतलेल्या गाड्या मी पाहिल्यात. ब्रेकच्या डब्यात गेलं तर रबराचे सील फुगतात. असं झालं असेल तर गाडी चालवू नका, टो करून आणा.