उपपदाच्या दुसऱ्या स्थानावरून विवाह पाहताना या चुका टाळा

उपपद लग्न म्हणजे व्ययस्थानाचे आरूढ. जोडीदार कसा, कोणत्या घरातला हे उपपदावरून पाहायचे आणि लग्न टिकणार का हे उपपदापासूनच्या दुसऱ्या स्थानावरून. नियम एवढाच, तरी फलित पुन्हा पुन्हा चुकते. बहुतेक वेळा चूक फलिताची नसतेच. उपपद चुकीच्या राशीत पडलेले असते किंवा दृष्टी चुकीची घेतलेली असते, आणि पुढचा सगळा विचार भलत्याच राशीवर उभा राहतो.

मोजणी करून तिथेच थांबणे

व्ययस्थानापासून व्ययेश जितक्या राशींवर असेल, तितक्याच राशी व्ययेशापासून पुढे मोजायच्या. सुरुवातीची रास नेहमी एक धरायची आणि भावचलित न घेता राशीकुंडलीवरच मोजायचे. इथवर बहुतेकांचे बरोबर येते. अपवाद मात्र राहून जातो. आलेली रास खुद्द व्ययस्थानाची किंवा तिच्यापासून सातवी असेल, तर ती उपपद होत नाही. त्या राशीपासून दहावी रास घ्यावी लागते.

हे पाठ ठेवण्याची सोपी रीत आहे. व्ययेश लग्नापासून बाराव्या किंवा सहाव्या स्थानी असेल, तर उपपद नवव्या स्थानी येते. व्ययेश तिसऱ्या किंवा नवव्या स्थानी असेल, तर उपपद तिसऱ्या स्थानी येते. म्हणूनच या रीतीने काढलेले उपपद लग्नापासून सहाव्या किंवा बाराव्या स्थानी कधीच पडत नाही. सॉफ्टवेअरने तिथे दाखवले, तर त्यात अपवादाचा नियम लावलेला नाही असे समजा आणि हाताने मोजा.

धनु आणि मीन लग्नाला आणखी एक अडचण येते, कारण त्यांच्या व्ययराशी वृश्चिक आणि कुंभ यांना दोन स्वामी मानतात: वृश्चिकेला मंगळ व केतू, कुंभेला शनी व राहू. एक स्वामी त्याच राशीत आणि दुसरा बाहेर असेल, तर बाहेरचा घ्यावा. दोघेही बाहेर असतील, तर ज्याच्यासोबत जास्त ग्रह आहेत तो घ्यावा. सवयीने दर वेळी मंगळ किंवा शनीच धरला, तर अनेक कुंडल्यांत उपपद बदलते.

ग्रहदृष्टी लावणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते. उपपद हा जैमिनी पद्धतीचा विषय असल्यामुळे इथे राशीदृष्टी लागते. चर रास शेजारची स्थिर रास सोडून उरलेल्या तिन्ही स्थिर राशींना पाहते. स्थिर रासही तशीच, शेजारची चर रास सोडून बाकी तिन्ही चर राशींना पाहते. द्विस्वभाव राशी एकमेकींना पाहतात. राशीत बसलेला ग्रह त्या राशीसोबतच पाहतो. शनीची तिसरी व दहावी किंवा मंगळाची चौथी व आठवी दृष्टी इथे लावली, तर नसलेला पापसंबंध दिसतो आणि असलेला शुभसंबंध निसटतो.

सरावासाठी एक कुंडली मांडू. मेष लग्न. मेषेत उच्चीचा सूर्य आणि केतू, वृषभेत चंद्र आणि शुक्र, मिथुनेत गुरू, कर्केत 21 अंशांवर मंगळ, तुळेत शनी आणि राहू, मीनेत बुध.

व्ययस्थान मीन, व्ययेश गुरू मिथुनेत, म्हणजे मीनेपासून चौथा. मिथुनेपासून चौथी रास कन्या. घाईत उपपद कन्या धरले जाते, मग दुसरे स्थान तूळ आणि तिथे शनी-राहू. जुन्या वचनांत या जोडीला उपपदाच्या दुसऱ्या स्थानी लोकापवादाने किंवा मृत्यूने जोडीदार दुरावण्याचे फळ सांगितले आहे. ते वाचून दाखवले की समोरचे कुटुंब हादरून जाते.

पण कन्या मीनेपासून सातवी, म्हणजे अपवाद लागला. कन्येपासून दहावी मिथुन, तेच खरे उपपद. दुसरे स्थान कर्क, आणि शनी-राहूचा या स्थानाशी काही संबंध उरत नाही.

आता कर्केत नीचीचा मंगळ आहे. ग्रहदृष्टी लावणारा लगेच म्हणेल की तुळेतला शनी दहाव्या दृष्टीने कर्केला पाहतो, म्हणजे दुहेरी पीडा. राशीदृष्टीने तूळ पाहते कुंभ, सिंह आणि वृषभ यांना. कर्केला ती पाहत नाही. कर्केवर दृष्टी येते वृश्चिक, कुंभ आणि वृषभ या राशींची, आणि वृषभेत चंद्र-शुक्र आहेत. कर्केचा स्वामी चंद्र उच्चीचा होऊन आपल्याच राशीला पाहतो, सोबत स्वगृहीचा शुक्र. ग्रहदृष्टीने हे दोघे फक्त वृश्चिकेकडे पाहतात, त्यामुळे या कुंडलीचा मुख्य आधारच नजरेतून सुटतो.

नीच दिसला की निकाल देणे

दुसऱ्या स्थानी नीच ग्रह हा दोषच आहे, तो झाकू नये. पण राशीसोबत नवमांशही पाहायला हवा. कर्केत 20 ते 23 अंश 20 कला हा सातवा, मकरेचा नवमांश. आपला मंगळ 21 अंशांवर, म्हणजे राशीने नीच आणि नवमांशाने उच्च. तोच मंगळ 2 अंशांवर असता, तर नवमांशही कर्केचाच आला असता आणि दोष दुप्पट झाला असता.

मग या कुंडलीचे फळ काय? संसारात तापट बोलणे आणि भांडणे येतील, पण मोडण्यापासून वाचवणारा स्थानस्वामी बळकट आहे. तो स्वतः शनी-राहूच्या राशीदृष्टीत असल्याने समेट व्हायला वेळ लागेल. एवढेच म्हणावे. जुन्या वचनांतला ‘नाश’ हा शब्द थेट मृत्यू म्हणून वाचणे तर टाळलेच पाहिजे. दुरावा, दीर्घकाळ वेगळे राहणे, संबंध तुटणे हे सगळे अर्थ त्यात येतात, आणि मृत्यू एकट्या उपपदावरून सांगता येत नाही.

सूर्याला सरसकट पापग्रह धरण्याचीही सवय असते. उपपदाच्या विचारात उच्च, स्वगृही किंवा मित्रराशीचा सूर्य पाप मानत नाहीत.

उपपद आणि दुसरे स्थान एकत्र कालवणे

वरच्या कुंडलीत उपपदेश बुध मीनेत नीचीचा आहे. त्यावरून लग्न टिकणार नाही असे ठरवणे चूक आहे. उपपदेशाचे उच्च-नीचत्व जोडीदाराच्या घराण्याकडे बोट दाखवते, म्हणजे इथे माहेर किंवा सासर साधे, कमी प्रतिष्ठेचे असू शकेल. उपपदात गुरू असल्याने माणूस स्वभावाने भला. टिकण्याचा प्रश्न कर्केलाच विचारायचा, आणि नंतर सप्तम स्थान, शुक्र व नवमांश कुंडली यांच्याशी ताडून पाहायचा.

जन्मवेळ न तपासणे

लग्न एक अंश पुढे सरकायला साधारण 4 मिनिटे लागतात. लग्न राशीच्या टोकाच्या दोन अंशांत असेल, तर दोन्ही लग्ने धरून उपपद काढा. याच कुंडलीत लग्न मागे जाऊन मीन झाले, तर व्ययराशी कुंभ, तिचे दोन्ही स्वामी तुळेत, म्हणजे नववे, आणि तुळेपासून नववी पुन्हा मिथुनच. निकाल तोच राहतो. लग्न पुढे जाऊन वृषभ झाले, तर मात्र व्ययेश मंगळ मेषेपासून चौथा, अपवाद लागून उपपद कर्क आणि दुसरे स्थान सिंह. सिंहेवर मेषेतल्या उच्च सूर्यासोबत केतूची आणि तुळेतल्या शनी-राहूचीही राशीदृष्टी येते. अशा कुंडलीत आयुष्यातल्या घटनांवरून लग्न नक्की होईपर्यंत विवाहाच्या स्थैर्यावर मत देऊ नये.