परदेशी ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर: मराठी मसुद्यातच होणाऱ्या या चुका टाळा

सोलापूरहून हॅम्बर्गला गेलेल्या टॉवेलांचं उदाहरण घेऊ. नेव्ही ब्लू रंगाचे, ७० बाय १४० सेंटिमीटरचे २,४०० टॉवेल, एका खोक्यात ४० याप्रमाणे ६० खोकी. माल पोचल्यावर ग्राहकाचा ईमेल येतो: २१ ते २८ क्रमांकाच्या खोक्यांतल्या टॉवेलांचा रंग पहिल्याच धुण्यात सुटला, सोबतचे पांढरे बाथमॅट निळे झाले. म्हणजे प्रश्न ३२० नगांचा आहे. उत्तर मालक मराठीत लिहून देतात आणि ऑफिसातलं कोणीतरी त्याचं इंग्रजी करतं. पुढे गोंधळ झाला की बोल इंग्रजी करणाऱ्याला बसतो. मूळ चूक मात्र बहुतेक वेळा मराठी कागदावरच झालेली असते.

‘रंग जातो’ म्हणजे नक्की काय?

आपण तिन्ही गोष्टींना ‘रंग जातो’ म्हणतो. उन्हाने किंवा वारंवार धुऊन रंग फिका पडला, तरी रंग गेला. पाण्यात सुटून दुसऱ्या कपड्याला लागला, तरी गेला. कोरडा टॉवेल नुसता घासून हाताला निळं लागलं, तरी गेलाच. इंग्रजीत पहिलं फेडिंग, दुसरं ब्लीडिंग आणि तिसरं क्रॉकिंग. तिन्हींच्या चाचण्याही वेगळ्या: उजेडासाठी आयएसओ १०५-बी०२, धुण्यासाठी १०५-सी०६ आणि घासण्यासाठी १०५-एक्स१२. मसुद्यात ‘रंग जाण्याची तक्रार’ लिहिलं, भाषांतरात फेडिंग झालं, की ग्राहक समजतो यांनी ईमेल वाचलाच नाही. प्रयोगशाळेकडेही चुकीची चाचणी मागितली जाते आणि आठवडा वाया जातो.

म्हणून मसुद्यात पूर्ण लिहा: ‘धुताना रंग पाण्यात सुटून दुसऱ्या कापडाला लागतो.’ असं लिहिलं की कारणही लवकर सापडतं. सुती टॉवेलांच्या गडद छटांसाठी सहसा रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. त्यातला सगळा रंग धाग्याशी पक्का होत नाही. उरलेला गरम पाण्याच्या सोपिंगमध्ये धुऊन काढावा लागतो. सोपिंग कमी पडलं, किंवा पाणी जड असलं, तर हा सुटा रंग टॉवेलातच राहतो आणि ग्राहकाच्या मशिनमध्ये बाहेर येतो. फक्त आठच खोकी बिघडली असतील, तर ती एकाच डाय लॉटची आहेत का, हे पॅकिंग लिस्टवरून आधी पाहा. राखून ठेवलेला नमुना ओला करून पांढऱ्या सुती कापडावर ठेवा आणि गरम इस्त्रीने दाबा. कापड निळं झालं, तर उत्तराची दिशा प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच कळते.

दिलगिरी आणि कबुली

‘आमच्या मालात दोष निघाला याबद्दल क्षमस्व.’ मराठीत ही साधी सभ्यता आहे. इंग्रजीत मात्र ही तपासणीआधीच दिलेली लेखी कबुली ठरते, आणि तीही साऱ्या २,४०० नगांची, कारण ‘आमचा माल’ कुठे संपतो ते लिहिलेलंच नाही. उत्पादन-दायित्वाचा विमा असेल, तर विमा कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य करू नये अशी अट त्यात सहसा असते.

याच्या उलटी चूकही तितकीच होते. पहिलंच वाक्य ‘माल पाठवण्यापूर्वी तपासलेला होता’. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की चूक तुमची आहे. मधला रस्ता असा की खेद ग्राहकाला झालेल्या त्रासाबद्दल व्यक्त करायचा आणि दोषाचा निर्णय अहवालावर सोडायचा: ‘पांढऱ्या बाथमॅटना रंग लागला हे वाचून वाईट वाटलं.’ इंग्रजीत ‘वी आर सॉरी टू हिअर दॅट’ने सुरुवात केली की पुरतं. अहवालात दोष निघालाच, तर मग आडवळण नको. त्या आठ खोक्यांपुरतं सरळ मान्य करा.

‘आपण’ कोण?

‘परत पाठवण्याचा खर्च आपण करू.’ इथे ‘आपण’ म्हणजे दोघं मिळून, की फक्त आम्ही? आणि ‘आपण करावा’ लिहिलं की तोच ‘आपण’ ग्राहक होतो. बोलताना संदर्भाने भागतं, पण भाषांतर करणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाज पैशांचा असतो. मसुद्यापुरतं तरी ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ एवढंच ठेवा. आदर इंग्रजी वाक्याच्या घडणीत आणता येतो.

‘तपासणी करण्यात येईल’ हे सरकारी वळणही टाळा. कोण करणार आणि कधीपर्यंत, हे त्यातून गळतं. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ५/६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकन ग्राहकाला ६ मे. आणि ‘परवा’ हा शब्द मसुद्यातून काढूनच टाका. तो मागचाही असतो आणि पुढचाही.

शंका, दावा, सहकार्य

‘आम्हाला दोन शंका आहेत’ म्हणजे दोन प्रश्न विचारायचे आहेत. त्याचं ‘वी हॅव टू डाउट्स’ झालं, की तुमच्या सांगण्यावर विश्वास नाही असा अर्थ निघतो. तिथे ‘क्वेश्चन्स’ हवं. ‘तुमचा दावा आहे की’चं ‘यू क्लेम दॅट’ तसंच खुपतं, त्याऐवजी ‘यू रिपोर्ट दॅट’ लिहा. ‘कृपया सहकार्य करावे’चं ‘काइंडली कोऑपरेट’ केलं, तर जणू ग्राहकच अडून बसला आहे असं वाटतं. नेमकं काय हवं तेच मागा.

या सगळ्यातून गेलेला मसुदा असा दिसतो:

‘तुमचा ३ मार्चचा ईमेल आणि फोटो मिळाले. २१ ते २८ क्रमांकाच्या खोक्यांतल्या टॉवेलांचा रंग धुताना सुटून पांढऱ्या बाथमॅटना लागला, हे वाचून वाईट वाटलं. त्याच डाय लॉटचा राखून ठेवलेला नमुना आम्ही आज धुण्याच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला आहे. अहवाल १४ मार्चपर्यंत तुम्हाला पाठवू. तोवर या आठ खोक्यांची विक्री थांबवावी, आणि दोन न धुतलेले टॉवेल आमच्या खर्चाने कुरिअर करावेत, ही विनंती. किती अंशांच्या पाण्यात धुतले होते, तेही कळवाल का? दोष आमच्याकडचा निघाला, तर ३२० नग बदलून देणं किंवा तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट, यांतलं तुम्हाला सोयीचं ते करू.’

इथली सगळी वाक्यं जवळपास जशीच्या तशी इंग्रजीत जातात. फक्त ‘थांबवावी’चं ‘यू मस्ट स्टॉप’ न करता ‘कुड यू प्लीज होल्ड’ करा. क्रेडिट नोटची ओळ लिहिण्याआधी आपल्या बँकेशी बोलून घ्या, कारण शिपिंग बिलापेक्षा कमी रक्कम आली की फरकाचे कागद तिथे द्यावे लागतात.

पाठवण्याआधी तयार इंग्रजी अशा सहकाऱ्याला द्या, ज्याने मराठी मसुदा पाहिलेला नाही, आणि त्याला ते मराठीत सांगायला लावा. तो ‘खर्च त्यांनी करायचा’ म्हणाला किंवा ‘सगळा माल बदलून देणार’ म्हणाला, तर कोणतं वाक्य दुरुस्त करायचं ते लगेच कळतं.