वारांची विक्री तपासताना रुपये नव्हे, बिले मोजा

सोमवार ते शुक्रवार सारखी गिऱ्हाइके आणि शनिवार-रविवारी दीडपट, असा दुकानदाराचा अंदाज असतो. तो काय-वर्ग चाचणीने, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का हे पाहणाऱ्या चाचणीने, तपासता येतो. समजा, पूर्ण चार आठवड्यांत 800 बिले झाली. पाच कामाच्या वारांचा एकेक आणि शनिवार-रविवारचा दीड-दीड मिळून 8 वाटे, म्हणून चारही आठवडे मिळून अपेक्षा कामाच्या प्रत्येक वाराला 100 आणि शनिवार, रविवारला प्रत्येकी 150. प्रत्यक्षात सोमवारपासून 88, 96, 104, 92, 110, 145, 165. प्रत्येक वाराच्या फरकाचा वर्ग करून अपेक्षित आकड्याने भागा. बेरीज 5.07 येते. सात वारांसाठी मुक्तता-अंश, म्हणजे वारांच्या संख्येहून एक कमी, 6, आणि त्यासाठी 5 टक्के पातळीची मर्यादा 12.59. आपली बेरीज त्याहून कमी आहे. म्हणजे अंदाज चुकीचा ठरवायला पुरावा नाही. तो सिद्ध झाला, असं मात्र नव्हे.

एक्सेलमध्ये B2:B8 मध्ये प्रत्यक्ष आणि C2:C8 मध्ये अपेक्षित आकडे भरून:

```
=CHISQ.TEST(B2:B8,C2:C8)
```

उत्तर सुमारे 0.54. अंदाज खरा असताना एवढा किंवा जास्त फरक योगायोगाने दिसण्याची ही शक्यता; ती 0.05 पेक्षा जास्त आहे, म्हणून निष्कर्ष तोच.

आता हीच विक्री सरासरी 200 रुपये बिल धरून रुपयांत भरा. बेरीज 200 पटीने फुगून हजारापार जाते आणि अंदाज साफ कोसळल्यासारखा दिसतो! ही चाचणी फक्त स्वतंत्र नोंदींच्या संख्येवर चालते. एकाच गिऱ्हाइकाने नेलेले वीस पुडेही वीस नोंदी नव्हेत. आणि दीडपटीचा अंदाज आधीच्या महिन्यांवरून ठरवा, याच 800 बिलांवरून नको.