फील्ड प्रोजेक्टचे दिवस मोजताना या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर प्रोजेक्टचे विषय वाटले जातात. किती दिवस लागतील असं विचारलं की गटप्रमुख सांगतो, ‘होऊन जाते सर, तीन-साडेतीन आठवड्यांचं काम हाये.’ तो हे मनापासून सांगत असतो, आणि म्हणूनच ही चूक पकडायला अवघड जाते. आपल्या कामाला लागणारा वेळ सातत्यानं कमी धरण्याच्या या सवयीला डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ म्हटलं. आपल्या बाबतीत सगळं नीटच होईल असं धरून चालण्याचा जो कल असतो, त्या ‘ऑप्टिमिझम बायस’चंच हे वेळेच्या हिशोबातलं रूप.

पहिली चूक: आपल्याच योजनेतल्या पायऱ्यांची बेरीज करणे

समजा, चार विद्यार्थ्यांच्या गटाकडे गावातल्या विहिरी आणि घरगुती पाणीवापर हा विषय आहे. 40 घरांची प्रश्नावली भरायची आहे. त्यांचा हिशोब असा: प्रश्नावली 3 दिवस, रोज 5 घरं म्हणजे सर्वेक्षण 8 दिवस, तक्ते-आलेख 4, लिखाण आणि टायपिंग 6, दुरुस्ती आणि बाइंडिंग 3. एकूण 24 दिवस.

प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर पटतो. पण नोव्हेंबरात कापसाची वेचणी चालू असते. दिवसा घराला कुलूप आणि माणसं पऱ्हाटीत, त्यामुळे भेट होते ती दिवेलागणीनंतर. मग रोजची 5 घरं 2 वर येतात. गाइड सर आठवड्यातून दोनच दिवस प्रोजेक्ट तपासत असतील, तर एका दुरुस्तीत तीन-चार दिवस जातात. दोघांनी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं, तिसऱ्यानं तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडून कृतिदेवमध्ये करून आणलेलं असतं. फाइल एकत्र केली की अर्धी पानं वाचताच येत नाहीत. कुलूपबंद घर, सरांची वाट, फाँटची जुळवाजुळव या गोष्टी कुणाच्याच यादीत नव्हत्या. योजना म्हणजे काम सुरळीत कसं होईल याचं चित्र, त्यामुळे अडथळे त्यात येतच नाहीत.

दुसरी चूक: ‘जास्तीत जास्त किती’ या अंदाजावर विसंबणे

रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी 1994 मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहिणाऱ्या या विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे 55. ‘सगळंच बिघडलं तर किती?’ असंही विचारलं होतं. त्याचं सरासरी उत्तर सुमारे 49 दिवस निघालं, म्हणजे वाईटातला वाईट अंदाजसुद्धा अपुरा पडला. कारण तोही त्याच योजनेच्या चित्रातून निघतो. ‘वर 20 टक्के धरू’ या उपायाचंही तेच होतं. 24 चे 29 होतात. पण हे 20 टक्के कशावरून, याला आधार काहीच नसतो.

त्याच संशोधनातली एक गोष्ट लगेच वापरता येते. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना माणूस एवढा आशावादी राहत नाही. म्हणून शेजारच्या गटाला तुमचे दिवस सांगायला लावा, तुम्ही त्यांचे सांगा.

पक्का उपाय: आधीच्या गटांना किती लागले ते बघणे

याला ‘रेफरन्स क्लास फोरकास्टिंग’ म्हणतात. कल्पना काहनेमन-ट्वर्स्की यांचीच; बेंट फ्लूबियर्ग यांनी ती रस्ते-रेल्वेसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या अंदाजासाठी उभी केली. आपली योजना बाजूला ठेवायची, आपल्यासारखी झालेली कामं गोळा करायची, त्यांना लागलेला वेळ चढत्या क्रमानं मांडायचा आणि त्या रांगेत आपली जागा शोधायची.

विभागात विषयवाटपाची आणि जमा झाल्याची तारीख असलेलं रजिस्टर बहुधा मिळतं. आपल्या उदाहरणात असे 10 जुने गट सापडले असं धरू. सगळे घरभेटीचं सर्वेक्षण करणारे, तीन ते पाच जणांचे, हिवाळी सत्रातले. त्यांचे दिवस: 31, 34, 38, 40, 43, 47, 49, 54, 63, आणि दहाव्या गटाचं काम पूर्णच झालं नाही.

निम्मे गट 43 दिवसांत आटोपले, दहापैकी आठ गट 54 दिवसांत. 24 दिवसांत एकही नाही. जमा करायची तारीख 10 डिसेंबर असेल आणि दहात आठ इतकी खात्री हवी असेल, तर 54 दिवस मागे मोजा: 17 ऑक्टोबरला काम सुरू व्हायला हवं. स्वतःच्या अंदाजावर चालणारा गट 16 नोव्हेंबरला उठेल.

आणि आज 28 ऑक्टोबर असेल तर? हातात 43 दिवस आहेत, म्हणजे वेळेत होण्याची शक्यता निम्मी. आता जोर लावू म्हणण्यापेक्षा काम कमी करा, पण जिथं दिवस जातात तिथलं. रोज 2 घरं होत असतील तर 40 ऐवजी 24 घरांनी सर्वेक्षण 20 दिवसांवरून 12 वर येतं. शेवटची आलेखाची पानं गाळून एखादाच दिवस वाचेल. नमुना कमी करण्याआधी गाइडची परवानगी घ्या आणि अहवालात त्याचं कारण लिहा.

रांग मांडताना होणाऱ्या चुका

सगळ्यात नुकसान करणारी चूक म्हणजे अर्धवट राहिलेला गट वगळणे. वरच्या रांगेतून तो काढला तर 54 दिवसांत नऊपैकी आठ गट आटोपलेले दिसतात आणि आकडा उगाच भरवशाचा वाटतो.

दुसरी, फक्त पहिला नंबर आलेले प्रोजेक्ट निवडणे. तिसरी, प्रयोगशाळेतले किंवा उन्हाळ्यातले प्रोजेक्ट मिसळणे. त्यांना वेचणी आडवी येत नाही. उलट फार काटेकोर निवड केली तर दोनच गट उरतात, आणि दोघांवरून काही ठरवता येत नाही. आठ-दहा मिळेपर्यंत अटी सैल करा.

चौथी चूक आकडा हाती आल्यावर होते: ‘आमच्याकडे मोटरसायकल आहे, आम्ही 35 धरू.’ जुन्या गटांतही कुणाकडे तरी गाडी होतीच. ती सोय त्या दहांपैकी कुणाकडेच नव्हती आणि तिनं नेमके किती दिवस वाचतात हे दाखवता येत असेल, तरच आकडा हलवा.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती रजिस्टर पाहताच तपासा. सगळ्या गटांची जमा तारीख शेवटच्या दोन दिवसांतच दाटलेली असेल, तर ते दिवस कामाचे नाहीत, मुदतीचे आहेत. मुदत आली म्हणून जसं होतं तसं जमा झालं, एवढंच त्यातून कळतं. अशा वेळी जुन्या गटांतल्या मुलांना गाठून सर्वेक्षण कधी सुरू झालं, शेवटचं घर कधी झालं, पहिला मसुदा सरांकडे कधी गेला हे विचारा आणि टप्प्यांची रांग मांडा. तारखा आठवणीतून घेऊ नका. मोबाइलमधल्या फोटोंवर आणि भरलेल्या प्रश्नावल्यांवर त्या असतात.

यंदाच्या गटानं वहीच्या पहिल्या पानावर सुरुवातीचा अंदाज, प्रत्येक टप्पा संपल्याची तारीख आणि बंद सापडलेल्या घरांची संख्या लिहून ती वही विभागात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या रांगेत अकरावा आकडा तिथूनच येईल.